‘x = 2 अग्राह्य’ : एका त्रोटक सोडवणुकीचे पुनर्लेखन

हे प्रकरण एका समीकरणाचे आहे, त्याच्या सहा ओळींच्या सोडवणुकीचे आहे, आणि ती सोडवणूक तीन वेळा वहीत उतरवूनही जिला ती कळली नाही अशा एका विद्यार्थिनीचे आहे. समीकरण असे होते :

√(x + 7) = x − 5

तिच्याजवळच्या प्रश्नसंचात त्याची सोडवणूक अशी छापली होती :

दोन्ही बाजूंचा वर्ग करून,
x + 7 = x² − 10x + 25
x² − 11x + 18 = 0
(x − 9)(x − 2) = 0
x = 9 किंवा x = 2
x = 2 अग्राह्य. ∴ x = 9

यात एकही चूक नाही. ज्याला विषय येतो त्याने स्वतःच्या आठवणीसाठी लिहावे, तसे हे लेखन आहे. मात्र ही विद्यार्थिनी गणिताचा तास आला की मागच्या बाकावर सरकणारी, फळ्याकडे बोलावले तर आधी ‘मला येत नाही’ म्हणणारी आणि मग खडू हातात घेणारी अशी होती. ती माझ्याकडे आली तेव्हा तिने एकच वाक्य सांगितले : “मॅडम, पाठ झालंय, पण परीक्षेत आकडे बदलले तर काय करू?”

मी तिची वही मागून घेतली. त्यात दोन गोष्टी होत्या, आणि पुढचे सगळे पुनर्लेखन त्या दोन गोष्टींवरच उभे राहिले.

पहिली गोष्ट म्हणजे छापील सोडवणूक पाहण्याआधी तिने स्वतः केलेला प्रयत्न. तिने वर्ग केला होता, पण (x − 5)² चा विस्तार x² + 25 असा लिहिला होता. त्यामुळे तिच्यापुढे x² − x + 18 = 0 हे समीकरण उभे राहिले. त्याखाली 1 × 18, 2 × 9, 3 × 6 अशा जोड्या लिहून खोडल्या होत्या, पुन्हा उणे चिन्हे लावून लिहून खोडल्या होत्या, आणि खोडरबराने त्या जागी कागद पातळ झाला होता. या समीकरणाचा विवेचक 1 − 72, म्हणजे ऋण येतो, तेव्हा त्याला वास्तव मुळेच नाहीत आणि तिला हवी असलेली जोडी जगात अस्तित्वातच नव्हती. पण आपली चूक दोन ओळी वर झाली आहे, हे तिच्या मनातही आले नाही. आपल्याला अवयव पाडता येत नाहीत, असा तिने निष्कर्ष काढला.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी होती. उतरवून घेतलेल्या सोडवणुकीत ‘अग्राह्य’ या शब्दाभोवती चौकट होती आणि समासात बारीक अक्षरांत लिहिले होते : “लक्षात ठेवणे – लहान उत्तर सोडायचे.”

मुलाने असा नियम का बनवला, हे समजून घेतल्याशिवाय पुनर्लेखनाला हात घालू नये, असे मला वाटते. छापील सोडवणुकीने 2 टाकून 9 ठेवले, पण कारण सांगितले नाही. कारण नसलेल्या ठिकाणी मन कारण तयार करतेच, आणि डोळ्यांना दिसणारा एकच फरक होता तो म्हणजे 2 लहान आणि 9 मोठा. तिचा नियम चुकीचा होता, पण तिच्यापुढे ठेवलेल्या पुराव्याशी तो पूर्णपणे सुसंगत होता. मी तिला हे तसेच सांगितले. ‘तू निरीक्षण बरोबर केलंस, तुला उदाहरण एकच मिळालं होतं’ हे ऐकल्यावर तिने वही लपवायचे थांबवले.

मग मी तिला छापील सोडवणूक मोठ्याने वाचायला सांगितली आणि जिथे ‘हे कुठून आले’ असे वाटेल तिथे पेन्सिलीने टिंब द्यायला सांगितले. तिची टिंबे तीन ठिकाणी पडली : ‘वर्ग करून’ या शब्दांवर, −10x वर आणि ‘अग्राह्य’ वर. (x − 9)(x − 2) = 0 नंतर x = 9 किंवा x = 2 कसे आले, यावर टिंब नव्हते, तेव्हा मी विचारले. “दोघांतलं एक शून्य असल्याशिवाय गुणाकार शून्य कसा होईल?” असे तिने लगेच सांगितले. म्हणजे जी पायरी मी एरवी सर्वांत लांबण लावून समजावली असती, ती तिला स्वच्छ येत होती. टिंबे द्यायला लावण्याचा हा फायदा मला तेव्हा विशेष जाणवला.

तरीही माझे पहिले पुनर्लेखन फसले. कसे फसले ते सांगणे आवश्यक आहे, कारण ‘धीराने समजावणे’ म्हणजे ‘सगळेच सविस्तर लिहिणे’ असा समज माझाही होता. मी अडीच पाने लिहिली. त्यात x + 7 डावीकडून उजवीकडे नेताना चिन्ह कसे बदलते यावर एक परिच्छेद होता, 11 आणि 18 साठी जोडी कशी शोधावी यावर अर्धे पान होते, आणि 2 का टाकायचे याचे कारण दुसऱ्या पानाच्या तळाशी चार ओळींत होते. शिवाय दोन ठिकाणी मी ‘घाबरू नकोस, हे अगदी सोपे आहे’ असे लिहिले होते. ती वाचता वाचता दीड पानावर थांबली. मी विचारल्यावर म्हणाली, “सोपं आहे असं लिहिलंय, आणि मला तर इथेच अडलंय.”

तिचे उत्तर माझ्या मनात बराच काळ राहिले. ‘सोपे आहे’ हा शब्द लिहिणाऱ्याला दिलासा वाटतो, पण ज्याला अडले आहे त्याला तो निकाल वाटतो, कारण सोपे असूनही न येणे हे अवघड असून न येण्यापेक्षा वाईट आहे. ‘स्पष्टच आहे’, ‘साहजिकच’, ‘फक्त एवढेच करायचे’ हे शब्दही त्याच जातीचे आहेत. लांबीचा तोटा वेगळा होता. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की, काही अक्षरे मनात धरून ठेवून हातच्याची बेरीज करायला सांगितली, की गणिताची भीती असलेल्यांच्या चुका विशेष वाढतात. मनात गोष्टी धरून ठेवण्याची जी थोडी जागा असते, तिच्यातला काही भाग भीतीच अडवून बसते. माझ्या अडीच पानांनी तिला येत असलेल्या गोष्टींचे ओझेही त्याच जागेत टाकले होते, आणि ती मुख्य ठिकाणी पोचेपर्यंत तिच्यापाशी काही उरले नव्हते.

दुसऱ्या वेळी मी तीन गोष्टी ठरवल्या. तिची टिंबे जिथे पडली तिथेच थांबायचे आणि बाकीच्या पायऱ्या छापील सोडवणुकीइतक्याच वेगाने जाऊ द्यायच्या. तिच्या वहीतील चूक आणि तिचा नियम या दोघांना लेखनात उघडपणे जागा द्यायची. आणि 2 टाकण्याचे कारण शेवटी न आणता, समीकरणाला हात लावण्याच्या आधीच त्याची चाहूल लागेल अशी मांडणी करायची. हा तिसरा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्रोटक सोडवणुकीत 2 आधी उत्तर म्हणून येते आणि पुढच्याच ओळीत काढून टाकले जाते. घाबरलेल्या वाचकाला त्यात गणिताची लहर दिसते : नियमाने वागून मिळालेले उत्तरही कोणीतरी येऊन चूक ठरवू शकते. कोणती उत्तरे चालणार नाहीत हे आधीच ठाऊक असेल, तर 2 आल्यावर धक्का बसत नाही, ओळख पटते.

दुसरे पुनर्लेखन पुढे पूर्ण देत आहे. ते तिच्यासाठी, तिच्याशी बोलल्यासारखे लिहिले होते.

“आधी पेन खाली ठेव आणि समीकरण नुसते पाहा.

√(x + 7) = x − 5

डावीकडे वर्गमूळाचे चिन्ह आहे. या चिन्हाने नेहमी शून्य किंवा धन संख्याच दाखवली जाते; √9 म्हणजे 3, −3 नव्हे. डावी बाजू कधीच ऋण होत नाही, मग तिच्याबरोबरीची उजवी बाजूही ऋण असून चालणार नाही. म्हणून x − 5 हे शून्य किंवा त्याहून मोठे हवे, म्हणजे x किमान 5 हवा. हे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेव : x ≥ 5. आपण अजून काहीच सोडवलेले नाही, पण उत्तर कुठे शोधायचे आणि कुठे नाही, हे कळले आहे.

आता अडचण अशी की x वर्गमूळाच्या आत अडकला आहे. वर्गमूळ घालवायचे तर वर्ग करावा लागतो, कारण √(x + 7) ला त्यानेच गुणले की x + 7 मिळते. दोन्ही बाजू समान असतील तर त्यांचे वर्गही समान असतात, म्हणून आपण दोन्ही बाजूंचा वर्ग करू शकतो. एक गोष्ट मात्र आताच सांगून ठेवते, तिच्याकडे आपण शेवटी परत येऊ : वर्ग केल्यावर चिन्ह पुसले जाते. 3 चा वर्ग 9 आणि −3 चाही वर्ग 9. फक्त 9 पाहून तो कोणाचा वर्ग आहे, हे सांगता येत नाही.

उजव्या बाजूचा वर्ग करताना तू x² + 25 लिहिले होतेस. ते बरोबर आहे का, हे सूत्र न आठवताही तपासता येते. x ला कोणतीही एक संख्या दे, समजा 6. मग (6 − 5)² म्हणजे 1 चा वर्ग, 1. आणि 6² + 25 म्हणजे 61. 1 आणि 61 सारखे नाहीत, म्हणजे काहीतरी सुटले आहे. काय सुटले ते पाहण्यासाठी वर्ग मोकळा लिहू :

(x − 5)² = (x − 5)(x − 5)

पहिल्या कंसातला x दुसऱ्या कंसातल्या दोघांनाही गुणतो, तेव्हा x² आणि −5x मिळतात. पहिल्या कंसातला −5 सुद्धा दोघांना गुणतो, तेव्हा −5x आणि +25 मिळतात. एकूण चार पदे झाली, त्यांतली मधली दोन सारखी आहेत आणि ती मिळून −10x होतात. तुझ्याकडून सुटली होती ती हीच दोन. आता पुन्हा 6 घालून बघ : 36 − 60 + 25 = 1. जुळले.

इथून पुढच्या तीन ओळी तुला येतात, म्हणून मी त्या भराभर लिहिते.

x + 7 = x² − 10x + 25
x² − 11x + 18 = 0
(x − 9)(x − 2) = 0

x = 9 किंवा x = 2. आता कोपऱ्यात लिहिलेल्या x ≥ 5 कडे बघ. 9 त्यात बसतो, 2 बसत नाही. तरी घाईने 2 खोडू नकोस. दोघांचाही ताळा करून पाहू, आणि तो मूळच्या समीकरणात करू, वर्ग केलेल्या समीकरणात नव्हे.

x = 9 घेतल्यास डावी बाजू √16 = 4, उजवी बाजू 9 − 5 = 4. जुळले.
x = 2 घेतल्यास डावी बाजू √9 = 3, उजवी बाजू 2 − 5 = −3. जुळत नाही.

पण किती थोडक्यात हुकले ते पाहिलेस का? 3 आणि −3. संख्या तीच, चिन्ह उलटे. आता ती बाजूला ठेवलेली गोष्ट आठव. आपण वर्ग केला तेव्हा या दोघांचेही 9 झाले आणि त्यांच्यातला फरक पुसला गेला. म्हणून वर्ग केल्यानंतरच्या समीकरणाला 2 चालतो आणि मूळच्या समीकरणाला चालत नाही. तुझ्या हातून काही चुकले म्हणून 2 आलेला नाही. वर्ग करण्याची पायरी घेतली की असा पाहुणा येऊ शकतो, सर्वांनाच येतो, आणि तो ओळखण्यासाठीच ताळा असतो.

हा 2 आला तरी कुठून? तो या समीकरणाचे उत्तर आहे :

−√(x + 7) = x − 5

यात 2 घालून बघ; −3 = −3 मिळेल. या समीकरणाचा वर्ग केला तरी x + 7 = x² − 10x + 25 हेच येते. म्हणजे आपण एका प्रश्नाचा वर्ग केला आणि नकळत दोन प्रश्न एकत्र सोडवले. 9 हे आपल्या प्रश्नाचे उत्तर आणि 2 हे त्याच्या जुळ्या भावाचे.

तू वहीत ‘लहान उत्तर सोडायचे’ असे लिहिले होतेस. या गणितात टाकलेले उत्तर खरोखर लहान होते, त्यामुळे तसे वाटणे बरोबर आहे. तो नियम सगळीकडे चालतो का, हे पुढच्या गणितात तूच तपासून मला सांग.”

पुनर्लेखन इथे संपते. ते छापील सोडवणुकीपेक्षा बरेच लांब आहे, पण त्याची लांबी सारखी वाटलेली नाही. अवयव पाडण्याला त्यात एक वाक्यही मिळालेले नाही आणि ‘अग्राह्य’ या एका शब्दाला जवळपास निम्मा मजकूर मिळाला आहे.

वाचताना ती एका ठिकाणी थांबली, आणि ते ठिकाण माझ्या अंदाजात नव्हते. “√9 म्हणजे फक्त 3 कसं? आम्हांला तर ±3 शिकवलंय.” हा प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी होता, कारण √9 ला −3 म्हणण्याची मोकळीक असती तर 2 सुद्धा ग्राह्य ठरला असता आणि माझे सगळे स्पष्टीकरण कोसळले असते. तिने शिकलेले खोटे नव्हते, दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. x² = 9 या समीकरणात ‘कोणत्या संख्यांचा वर्ग 9 आहे’ असा प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरे दोन आहेत. √9 हा प्रश्न नाही, ते एका संख्येचे नाव आहे, आणि एका नावाने एकच संख्या दाखवली जावी म्हणून ते धन संख्येला दिलेले आहे. हे ऐकून तिचे पुरते समाधान झाले नाही. मग मी तिला वर्गसमीकरणाचे सूत्र लिहायला सांगितले. तिने b² − 4ac च्या वर्गमूळाआधी ± हे चिन्ह सवयीने लिहिले. मी विचारले, “वर्गमूळाच्या चिन्हात दोन्ही संख्या आधीच असत्या, तर हे ± आपण वेगळं का लिहिलं असतं?” ती काही क्षण सूत्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे ते ± आपण बाहेरून लावतो.” तिचे हे वाक्य मी नंतर पुनर्लेखनात √9 च्या ओळीनंतर घातले.

तिला दिलेले पुढचे गणित मी काळजीपूर्वक निवडले होते :

√(13 − 4x) = 2 − x

तिने आधी पेन खाली ठेवले. 2 − x ऋण नको, म्हणून x ≤ 2, असे तिने कोपऱ्यात लिहिले. इथे ती जराशी चाचरली होती, कारण मागच्या वेळी ‘किमान’ होते आणि आता ‘जास्तीत जास्त’ आले. तिने 1 आणि 3 घालून कोणते चालते ते पाहिले आणि मग चिन्हाची दिशा नक्की केली. उजव्या बाजूचा वर्ग तिने चार पदे मांडून केला. −4x दोन्हीकडे असल्याने निघून गेले आणि x² = 9 राहिले, त्यातून x = 3 किंवा x = −3. इथे ती थबकली. तिच्या जुन्या नियमाप्रमाणे −3 टाकायला हवे होते, आणि तिच्या मनात आणखी एक न लिहिलेला नियमही होता, की ऋण उत्तर आले की ते बहुधा टाकायचे असते. लांबी-रुंदीच्या आणि वयाच्या शाब्दिक उदाहरणांनी तो तिला दिला होता. कोपऱ्यातले x ≤ 2 मात्र उलटे सांगत होते. तिने ताळा केला. 3 घेतल्यास डावीकडे √1 = 1 आणि उजवीकडे −1. −3 घेतल्यास डावीकडे √25 = 5 आणि उजवीकडे 2 + 3 = 5. मोठे आणि धन उत्तर गेले, लहान आणि ऋण उत्तर राहिले. तिने समासातल्या त्या ओळीवर स्वतःच आडवी रेघ मारली.

दोन उदाहरणांवरून ‘एक उत्तर टाकायचेच असते’ असा आणखी एक नियम तयार होऊ शकतो, हे माझ्या उशिरा लक्षात आले. √(3x − 2) = x हे गणित दिले तेव्हा तिला 1 आणि 2 मिळाले, दोघांचाही ताळा जुळला, आणि तरीही ती ‘यातलं कुठलं जातं?’ म्हणून पाच मिनिटे चूक शोधत बसली. हा दोष तिचा नव्हता. आधीच्या दोन्ही गणितांत एकेक उत्तर गळेल अशी निवड मी केली होती. आता मी या प्रकारची तीन उदाहरणे एकत्रच देते : एकात लहान उत्तर जाते, एकात मोठे जाते, एकात दोन्ही राहतात.

अशा लेखनाची मर्यादाही याच प्रकरणात दिसली. चौथ्या गणिताला मी पुन्हा तितक्याच विस्ताराने लिहिले, तेव्हा ती ते वाचेना. डोळे सरळ शेवटच्या ओळीवर जाऊ लागले. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी 1985 मध्ये बीजगणिताच्याच उदाहरणांवरून दाखवले होते की, नवशिक्याला नुसती गणिते सोडवायला लावण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला दिल्यास त्यासारखी गणिते तो कमी वेळात आणि कमी चुकांनी सोडवतो. पुढे स्वेलर यांच्याच सहकाऱ्यांसह झालेल्या कामातून, 2003 च्या सुमारास, याची दुसरी बाजूही मांडली गेली : तेच सविस्तर मार्गदर्शन, विषय येऊ लागलेल्याला आडवे येते. म्हणून पाचव्या गणितापासून मी पहिली ओळ आणि ताळ्याची ओळ एवढ्याच लिहिल्या, मधली जागा तिच्यासाठी कोरी ठेवली. सातव्या गणिताला मी काहीच लिहिले नाही. तिने स्वतः लिहिलेली सोडवणूक सात ओळींची होती, जवळजवळ छापील सोडवणुकीइतकीच त्रोटक. फरक दोन ओळींचा होता : वरच्या कोपऱ्यातील अट आणि खालचा ताळा. ‘अग्राह्य’ हा शब्दही होता, पण त्याच्यापुढे ‘कारण डा. बा. = 2, उ. बा. = −2’ असे लिहिलेले होते.

खोडलेल्या नियमाच्या जागी तिने नवा नियम लिहिला आहे : “लहान-मोठे बघायचे नाही. उजवी बाजू ऋण होते का ते बघायचे.” एकीकडे एकच वर्गमूळ आणि दुसरीकडे वर्गमूळ नसलेली राशी, अशा समीकरणांना हा नियम पूर्णपणे पुरतो. तिथे उजवी बाजू ऋण नसली की ताळा जुळतोच, कारण वर्ग समान असलेल्या दोन अऋण संख्या समानच असतात. दोन वर्गमुळे आली की मात्र तो पुरत नाही. उदाहरणार्थ,

√(3x + 1) − √(x + 4) = 1

यात उजवी बाजू 1 आहे, ती कधीच ऋण होणार नाही. तरी एक वर्गमूळ उजवीकडे नेऊन वर्ग केला, उरलेले वर्गमूळ वेगळे काढून पुन्हा वर्ग केला, की x² − 5x = 0 येते आणि 5 व 0 अशी दोन उत्तरे मिळतात. 5 घेतल्यास 4 − 3 = 1 जुळते. 0 घेतल्यास 1 − 2 = −1 येते, म्हणजे 0 जातो, आणि तो जाणार आहे हे मूळच्या उजव्या बाजूकडे पाहून कळत नाही, मूळ समीकरणात ताळा केल्यावरच कळते. हे गणित मी तिला पुढच्या भेटीसाठी दिले आहे, सोबत काहीही न लिहिता.